विक्रीचा आकडा गोपनीय असेल तर बायोडेटात कामगिरी कशी मांडायची? बीडच्या कपाशी बियाण्याच्या उदाहरणातून समजून घ्या

मे महिना लागला की बीड, गेवराई, माजलगावच्या कृषी सेवा केंद्रांसमोर बियाणं कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या मोटारसायकली दिसायला लागतात. कोणत्या दुकानात किती पाकिटं उतरवायची, कोणत्या गावात शेतकरी मेळावा घ्यायचा, मागच्या वर्षीची उधारी कुणाकडे अडकली आहे, ही सगळी गणितं या दोन महिन्यांत जुळवावी लागतात. हंगाम संपतो, पावसाळा सरतो आणि यांपैकी अनेक जण नव्या नोकरीच्या शोधात बायोडेटा लिहायला बसतात.

गाडी अडते ती इथेच. नवी कंपनी विचारते, ‘विक्री किती केली?’ आणि जुन्या कंपनीच्या नियुक्तीपत्रात लिहिलेलं असतं की विक्रीचे आकडे, विक्रेत्यांची यादी आणि दर बाहेर सांगता येणार नाहीत. मग बायोडेटात एक तर ‘उत्कृष्ट विक्री कामगिरी’ असं मोघम वाक्य येतं, नाहीतर थेट ‘२ कोटींची विक्री’ असा आकडा येतो. पहिल्या वाक्याला काही किंमत नसते आणि दुसऱ्यामुळे करार मोडतो.

या दोन्हींच्या मधली एक वाट आहे. कपाशी बियाण्याच्या विक्रीत ती सगळ्यात चांगली कळते, कारण इथे गुपित फुटणं इतर धंद्यांपेक्षा सोपं आहे.

गोपनीय म्हणजे नेमकं काय?

‘रुपयांत लिहायचं नाही, पाकिटांत लिहिलं तर चालतं’ असा अनेकांचा समज असतो. कपाशीच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे.

बीटी कपाशीच्या बियाण्याची कमाल विक्री किंमत केंद्र सरकार ठरवतं. २०१५ च्या कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेशानुसार दरवर्षी हंगामाआधी ती अधिसूचनेतून जाहीर होते. सध्या सर्रास विकल्या जाणाऱ्या बोलगार्ड-२ प्रकारच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची किंमत २०२४ च्या हंगामासाठी ८६४ रुपये होती आणि २०२५ साठी ९०१ रुपये. पाकीट कोणत्याही कंपनीचं असलं तरी कमाल किंमत तीच.

आता समजा, एका प्रतिनिधीने बायोडेटात लिहिलं की ‘२०२४ मध्ये २३,२२० पाकिटं विकली’. वाचणारा मोबाईलमधला कॅल्क्युलेटर काढतो, ८६४ ने गुणतो आणि उत्तर येतं २ कोटी ६२ हजार ८० रुपये. विक्रेत्याला किती मार्जिन सुटतं याचा अंदाज धंद्यातल्या माणसाला असतोच. तेवढं वजा केलं की कंपनीला मिळालेली रक्कमही जवळपास कळते. म्हणजे पाकिटांचा आकडा हाच उलाढालीचा आकडा आहे.

बाजारातला वाटा सांगणंही तितकंच धोक्याचं. ‘अमुक तालुक्यात आमचा वाटा ९ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर नेला’ हे वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे. पण कपाशीखाली किती क्षेत्र आहे याची माहिती कृषी विभागाच्या पेरणी अहवालांत मिळते. उदाहरणादाखल तालुक्यात ४० हजार हेक्टर, म्हणजे सुमारे १ लाख एकर कपाशी धरू. एकरी साधारण दोन पाकिटं लागतात असं धरलं तर एकूण २ लाख पाकिटं झाली. त्यांचे १४ टक्के म्हणजे २८ हजार पाकिटं. त्यांना ८६४ ने गुणलं की ४ तास मेहनत करून लपवलेला आकडा दोन मिनिटांत समोर येतो.

म्हणून बायोडेटातल्या प्रत्येक ओळीला एक चाचणी लावावी लागते: ही ओळ आणि बाहेर सहज मिळणारी माहिती एकत्र केली तर मूळ आकडा निघतो का? निघत असेल तर ती ओळ बदलायला हवी.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम २७ नुसार कुणालाही व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार सहसा टिकत नाही. त्यामुळे ‘नोकरी सोडल्यावर दुसऱ्या बियाणं कंपनीत जाता येणार नाही’ अशी अट बहुतेक वेळा कागदावरच राहते. याचा अर्थ अनेक जण असा काढतात की नियुक्तीपत्रातली कोणतीच अट नोकरी सोडल्यावर लागू होत नाही.

गोपनीयतेची अट मात्र वेगळी असते. ती माणसाला काम करण्यापासून रोखत नाही, फक्त माहिती बाहेर नेण्यापासून रोखते. नोकरी सोडल्यानंतरही ती लागू राहू शकते. भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा असावा, अशी शिफारस विधी आयोगाने मार्च २०२४ मधल्या २८९ व्या अहवालात केली होती. तोवर अशी प्रकरणं करार आणि विश्वासभंगाच्या तत्त्वांवरच चालत आली आहेत. त्यामुळे नियुक्तीपत्रात काय लिहिलंय, हे आधी नीट वाचणं हीच पहिली पायरी ठरते.

आधी खरी विक्री कोणती, ते ठरवा

आकडा झाकण्याआधी तो बरोबर निवडावा लागतो. बियाण्याच्या धंद्यात विक्रीचे दोन आकडे असतात आणि त्यांत मोठा फरक पडतो.

हंगामाआधी कंपनी विक्रेत्याच्या दुकानात माल टाकते. त्याचं बिल होतं आणि कागदावर विक्री दिसते. पण तो माल अजून शेतकऱ्याच्या हातात गेलेला नसतो. पेरणीचा काळ संपला की न विकलेली पाकिटं विक्रेता परत पाठवतो. त्याला सेल्स रिटर्न म्हणतात. शेतकऱ्यापर्यंत खरोखर गेलेला माल म्हणजे टाकलेला माल वजा परत आलेला माल. कंपन्यांच्या बैठकांत याला लिक्विडेशन हा शब्द वापरतात.

मे महिन्यात विक्रेत्याच्या गळ्यात जास्त माल मारून टार्गेट गाठणारा प्रतिनिधी सप्टेंबरमध्ये अडचणीत येतो, कारण निम्मा माल परत येतो. अनुभवी व्यवस्थापकाला हे माहीत असतं. म्हणून ‘माल टाकण्यात ३५ टक्के वाढ’ असं वाचलं की तो पहिला प्रश्न परताव्याचाच विचारतो.

एक उदाहरण, पायरीपायरीने

समजा, एक प्रतिनिधी बीड जिल्ह्यातले दोन तालुके सांभाळतो. त्याच्याकडे तीन हंगामांच्या नोंदी आहेत. हे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतले आहेत.

२०२२ मध्ये त्याने दुकानांत २०,००० पाकिटं टाकली आणि ६,००० परत आली. २०२३ मध्ये २४,००० टाकली, ५,२८० परत आली. २०२४ मध्ये २७,००० टाकली आणि ३,७८० परत आली. म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत गेलेली पाकिटं अनुक्रमे १४,०००, १८,७२० आणि २३,२२०.

पहिली पायरी: पहिल्या वर्षाला १०० माना. १४,००० म्हणजे १०० धरले, तर १८,७२० म्हणजे १३४ आणि २३,२२० म्हणजे १६६. याला निर्देशांक म्हणतात. महागाईचा निर्देशांक याच पद्धतीने काढतात. आता लिहिता येतं की ‘दोन वर्षांत निव्वळ विक्री १०० वरून १६६ वर नेली’. यात एकही खरा आकडा नाही, पण वाढ मात्र पूर्ण दिसते.

इथे गंमत पाहण्यासारखी आहे. याच प्रतिनिधीने टाकलेल्या मालाचा हिशेब दिला असता तर वाढ फक्त ३५ टक्के दिसली असती. निव्वळ विक्री धरल्यावर ती ६६ टक्के निघते. प्रामाणिक आकडा इथे जास्त चांगला आहे.

निर्देशांक रुपयांवर न काढता पाकिटांवर काढणं बरं. २०२२ मध्ये पाकिटाची सरकारी किंमत ८१० रुपये होती, २०२४ मध्ये ८६४ झाली. म्हणजे एकही पाकीट जास्त न विकता रुपयांतली विक्री साडेसहा टक्क्यांहून जास्त वाढली असती. ती प्रतिनिधीची कमाई नाही.

दुसरी पायरी: परतावा सांगा. २०२२ मध्ये टाकलेल्या मालापैकी ३० टक्के परत आला होता, २०२४ मध्ये १४ टक्के. कंपनी परताव्याची टक्केवारीही गोपनीय मानत असेल तर ‘परत येणाऱ्या मालाचं प्रमाण निम्म्याहून कमी केलं’ एवढं पुरे. या एका ओळीतून कळतं की हा माणूस दुकानात माल ढकलून मोकळा होत नाही.

तिसरी पायरी: बाजाराशी तुलना करा. विक्री वाढली ती माणसामुळे की पावसामुळे, हा प्रश्न कायम उरतो. मराठवाड्यात अनेक शेतकरी कपाशीकडून सोयाबीनकडे वळले आहेत. समजा, या दोन तालुक्यांत कपाशीचं क्षेत्र २०२२ ला १०० धरलं तर २०२४ मध्ये ९० वर आलं. बाजार आटत असताना विक्री १६६ वर गेली, याचा अर्थ वाटा १६६ भागिले ९०, म्हणजे सुमारे १.८ पट झाला. ‘कपाशीचं क्षेत्र घटत असताना कंपनीचा वाटा पावणेदोन पटीहून जास्त वाढवला’ असं लिहिलं की वाढ कळते, पण वाटा किती होता ते कळत नाही.

चौथी पायरी: टार्गेट आणि क्रमांक. २०२४ चं टार्गेट २१,५०० पाकिटांचं होतं, म्हणजे १०८ टक्के पूर्ण. टक्का लिहावा, टार्गेट लिहू नये. दोन्ही लिहिले तर आकडा उघडा पडतो. त्याच्या जोडीला ‘विभागातल्या १२ प्रतिनिधींत दुसरा’ असं असेल तर टार्गेट सोपं होतं की अवघड, याचाही अंदाज येतो. टार्गेटच कमी दिलं असेल तर १०८ टक्क्यांना फारसा अर्थ राहत नाही, पण इतरांच्या तुलनेतला क्रमांक बोलतो.

पाचवी पायरी: वसुली. बियाण्याचा बराच धंदा उधारीवर चालतो. हंगाम संपल्यावर ६० दिवसांत किती टक्के रक्कम जमा झाली, हा आकडा उलाढाल न सांगता सांगता येतो. समजा ती ७१ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर गेली. विक्री वाढवताना उधारी बुडवली नाही, हे यातून सिद्ध होतं.

आधी आणि नंतर

या प्रतिनिधीच्या बायोडेटात आधी एकच ओळ होती: ‘गेवराई-माजलगाव भागात २०२४ मध्ये २३,२२० पाकिटं, २ कोटींची विक्री.’

नवी मांडणी अशी होईल:

- मराठवाड्यातील दोन तालुक्यांत कपाशी बियाण्याची निव्वळ विक्री (परत आलेला माल वजा करून, पाकिटांत) दोन हंगामांत १०० वरून १६६ वर नेली. त्याच काळात त्या भागातलं कपाशीचं क्षेत्र सुमारे १० टक्के घटलं.
- परत येणाऱ्या मालाचं प्रमाण निम्म्याहून कमी केलं.
- २०२४ मध्ये टार्गेटच्या १०८ टक्के विक्री, विभागातील १२ जणांत दुसरा क्रमांक.
- हंगामानंतर ६० दिवसांतली वसुली ७१ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर.

या चार ओळींत रुपये नाहीत, पाकिटांची संख्या नाही, कोणत्या विक्रेत्याचं नाव नाही. तरीही जुन्या ओळीपेक्षा त्या जास्त सांगतात. ‘२ कोटी’ हा आकडा आधीपासूनच तेवढा होता की या माणसाने वाढवला, हे जुन्या ओळीतून कळत नव्हतं.

कुठे चूक होते?

सगळ्यात मोठी चूक आधीच होऊन गेलेली असते आणि ती बायोडेटात नसते. निर्देशांक हा कुलपासारखा असतो. एका वर्षाचा खरा आकडा कळला की बाकी सगळी वर्षं उघडतात. याच प्रतिनिधीने २०२२ मध्ये व्हॉट्सॲप स्टेटसला ‘१४ हजार पाकिटं पार!’ असं टाकलं असेल, तर १६६ चा अर्थ कुणालाही काढता येईल. टार्गेट पूर्ण झाल्यावर कंपनीच्या ॲपचा स्क्रीनशॉट टाकण्याची पद्धत आहे. त्यात विक्रेत्यांची नावं, टार्गेट आणि विक्री एकाच चौकटीत दिसते. इन्सेंटिव्हच्या पत्राचा फोटोही तसाच. जुन्या पोस्ट तपासून काढून टाकणं हा बायोडेटा लिहिण्याचाच भाग समजायला हवा.

दुसरी चूक सोयीचं पहिलं वर्ष निवडण्याची. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यातल्या कपाशीचं मोठं नुकसान केलं, २०१८ मध्ये बीडसह मराठवाड्यात दुष्काळ पडला. अशा धक्क्यांनंतर कोणत्या कंपनीचं बियाणं खपेल आणि कोणाचं पडून राहील, याचा प्रतिनिधीच्या मेहनतीशी संबंध असतोच असं नाही. पडलेल्या वर्षाला १०० मानलं की पुढची साधी भरपाईसुद्धा मोठी वाढ दिसते.

याच्या उलटही होतं. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणी करावी लागते. शेतकरी दुसऱ्यांदा बियाणं विकत घेतो आणि प्रतिनिधीची विक्री फुगते. ती वाढ शेतकऱ्याच्या नुकसानीतून आलेली असते. मुलाखत घेणारा त्याच भागातला असेल तर कोणत्या वर्षी दुबार पेरणी झाली हे त्याला पाठ असतं. म्हणून एका वर्षाची उडी दाखवण्यापेक्षा तीन हंगाम दाखवणं जास्त विश्वासार्ह ठरतं.

तिसरी चूक छोट्या पायावरची टक्केवारी. नव्या वाणाची विक्री १०० पाकिटांवरून ५०० वर गेली तर ती ४०० टक्के वाढ होते, पण दोन दुकानांचा फरक असतो. अशा वेळी ‘नवीन वाण, पहिलं वर्ष’ असं सोबत लिहिणं गरजेचं. नाहीतर पहिल्याच प्रश्नात फुगा फुटतो.

मुलाखतीत आकडा मागितला तर?

मागितला जातोच. प्रादेशिक व्यवस्थापक विचारतात, ‘हे १६६ वगैरे ठीक आहे, पण खरा आकडा किती?’ अशा वेळी गप्प बसलं की लपवाछपवी वाटते. सरळ उत्तर जास्त चालतं:

‘सर, तो आकडा मला सांगता येणार नाही, नियुक्तीपत्रात तशी अट आहे. पण १०० म्हणजे परत आलेला माल वजा करून शेतकऱ्यापर्यंत गेलेली पाकिटं, हे सांगतो. आणि परतावा कसा कमी केला, ते दुकानाचं नाव न घेता सांगू शकतो.’

यापुढचं सांगणं महत्त्वाचं. उदाहरणार्थ, मे महिन्यात एकदम माल न टाकता प्रत्येक दुकानाची मागच्या तीन वर्षांची उचल पाहून हप्त्याहप्त्याने माल दिला. एका दुकानात वाण खपत नसेल तर पेरणी चालू असतानाच तो दुसऱ्या दुकानात हलवला, सप्टेंबरची वाट पाहिली नाही. मागच्या हंगामात ज्या शेतकऱ्याच्या रानात प्रात्यक्षिक प्लॉट होता, तिथेच शिवार फेरी घेतली. हे ज्याने केलंय त्यालाच सांगता येतं आणि आकड्यापेक्षा याच तपशिलावर मुलाखत घेणाऱ्याचा विश्वास बसतो.

गोपनीयतेच्या अटीचा आदर करणारा उमेदवार उद्या आपलेही आकडे सांभाळेल, असा हिशेब समंजस व्यवस्थापक करतो. पण प्रश्न आकड्यावर न थांबता ‘कोणत्या विक्रेत्याला किती सूट देता?’, ‘पुढच्या वर्षी कोणतं वाण आणताय?’ असे येऊ लागले, तर ती मुलाखत नोकरीसाठी नसून माहिती काढण्यासाठी असण्याची शक्यता असते. तिथे उत्तर एकच, ‘हे सांगता येणार नाही.’

या पद्धतीची मर्यादा

निर्देशांकातून वाढ कळते, आकारमान कळत नाही. ५ हजार पाकिटांचा भाग सांभाळणं आणि ५० हजारांचा सांभाळणं ही वेगळी कामं आहेत. हे अंतर थोडं भरून काढायला कामाचा पसारा सांगता येतो: किती तालुके, साधारण किती विक्रेते, हाताखाली किती फिल्ड असिस्टंट. बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत. त्यांपैकी दोन सांभाळले की सहा, यावरून जाणकाराला जबाबदारीचा अंदाज येतो.

दुसरी मर्यादा पडताळणीची. १६६ खरं आहे का, हे नव्या कंपनीला कागदावर तपासता येत नाही. त्यासाठी जुन्या वरिष्ठांचा संदर्भ लागतो. नोकरी सोडण्याआधीच ‘बायोडेटात असं लिहितोय, चालेल का?’ असं त्यांना विचारून घेतलं तर दोन कामं एकदम होतात. गोपनीयतेची हद्द कुठे आहे ते कळतं आणि उद्या फोन आला तर त्या ओळीला दुजोरा देणारा माणूसही तयार असतो.